तेलाच्या वेबसाइटवरचे सहा शिक्के आणि त्यामागची नोंद

प्रश्न: आईला लाकडी घाण्याचं सेंद्रिय शेंगदाणा तेल हवंय. एका वेबसाइटवर पाच लिटरचा डबा दोन हजार तीनशेला दिसतोय. पानाच्या तळाशी एफएसएसएआय, इंडिया ऑरगॅनिक, आयएसओ २२०००, ‘एफडीए अप्रूव्ह्ड’, नॉर्टन सिक्युअर्ड आणि कुठल्याशा पुरस्काराचा सोनेरी बिल्ला असे सहा शिक्के आहेत. एकावरही क्लिक होत नाही. भाऊ म्हणतो, ही सगळी गुगलवरून उचललेली चित्रं आहेत. पैसे आगाऊ भरायचे आहेत. यातलं खरं-खोटं घरबसल्या कळू शकतं का?

उत्तर:

बहुतेक कळतं, आणि त्याला साधारण अर्धा तास लागतो. तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. पण चित्र उचललेलं आहे एवढ्यावरून विक्रेता लबाड ठरत नाही. मी सोळा वर्षं अन्नप्रक्रिया करणाऱ्या छोट्या-मोठ्या कारखान्यांचं ऑडिट करते आहे. स्वतःचा घाणा चालवणारी, शेंगदाणा हाताने निवडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची वेबसाइट पुतण्याने बनवलेली होती आणि त्याने इंटरनेटवर मिळालेली शिक्क्यांची पट्टी खाली चिकटवून दिली होती. उलट, नीट क्लिक होणारे शिक्के लावून रिफाइंड तेल ‘घाण्याचं’ म्हणून विकणारेही पाहिले आहेत. चित्र कुठून आलं हे पाच मिनिटांत बघून घ्या, पण निर्णय त्यावर घेऊ नका. निर्णय घ्यायचा तो ज्या संस्थेचा शिक्का आहे तिच्या नोंदीत काय लिहिलंय त्यावर.

आधी ती पाच मिनिटं. कॉम्प्युटरवर शिक्क्यावर उजवी क्लिक करून चित्र नव्या टॅबमध्ये उघडा. मोबाइलवर बोट दाबून धरलं की तोच पर्याय येतो. सहाही शिक्के मिळून एकच लांब चित्र उघडलं, तर प्रश्न तिथेच मिटला: ही तयार पट्टी आहे. मग वरच्या पत्त्यात फाइलचं नाव वाचा. बऱ्याचदा असं काहीतरी दिसतं:

```
/wp-content/uploads/2022/11/trust-badges-png-5.png
```

यात दोन गोष्टी कळतात. फाइलचं नाव ‘ट्रस्ट बॅजेस’ असं आहे, म्हणजे हे सजावटीचं चित्र म्हणून शोधून आणलंय. आणि वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइटवर चित्र ज्या वर्षी-महिन्यात चढवलं, तो फोल्डर पत्त्यात दिसतो. इथे नोव्हेंबर २०२२. त्या पट्टीत ‘२०२४ चा सर्वोत्तम ब्रँड’ असेल, तर काहीतरी गडबड आहे. हेच चित्र गुगल लेन्सला दिलं की कपड्यांची, फर्निचरची, ज्योतिषाची अशा पन्नास साइट्सवर तेच सापडतं.

आता क्लिक न होण्याबद्दल, कारण इथे चांगल्या माणसांवर अन्याय होतो. तुमच्या सहा शिक्क्यांपैकी फक्त एक, नॉर्टनचा, मुळात वेबसाइटसाठी जन्मलेला आहे. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याचं चिन्ह आणि सेंद्रिय मालाचं इंडिया ऑरगॅनिक ही डब्याच्या लेबलवर छापायची चिन्हं. त्यांच्यावर क्लिक व्हायला हवं असा काही नियमच नाही. त्यांच्या बाबतीत बघायचं ते हे की चिन्हासोबत क्रमांक आहे का. एफएसएसएआयच्या लोगोखाली चौदा अंक नसतील, तर त्या लोगोला मी शून्य किंमत देते. कारण लेबलवर तो लोगो परवाना क्रमांकासकटच छापायचा असतो, आणि क्रमांकाशिवाय तपासायला काही उरतच नाही.

नॉर्टनचा शिक्का मात्र त्या संस्थेच्या सर्व्हरवरून साइटवर येतो आणि क्लिक केल्यावर संस्थेच्याच पानावर जातो. त्या पानावर साइटचा पत्ता लिहिलेला असतो. क्लिक होत नाही म्हणजे ते नुसतं चित्र आहे. त्यातही या शिक्क्याचा इतिहास उपयोगी पडतो. पूर्वी वेबसाइट्सना सुरक्षा प्रमाणपत्र देणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीचा शिक्का असायचा. २०१० मध्ये व्हेरिसाइनने तो व्यवसाय सिमँटेकला विकला, २०१२ मध्ये शिक्क्यावर नॉर्टनचं नाव आलं, आणि २०१७ मध्ये हा व्यवसाय डिजिसर्टकडे गेला. डिजिसर्ट आता स्वतःच्या नावाचा शिक्का देते. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या साइटवर व्हेरिसाइनचा शिक्का दिसला, तर तो जुन्या चित्रांच्या साठ्यातून आलाय हे उघड आहे.

आणि समजा तो खरा असला, तरी तो तेलाबद्दल काहीच सांगत नाही. तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्यामधली वाट कुलूपबंद आहे, एवढंच त्यातून कळतं. तसं प्रमाणपत्र आज कुणालाही काही मिनिटांत फुकट मिळतं, फसवणाऱ्यालाही. ब्राउझरमधलं कुलपाचं चित्र लोक भरवशाची खूण समजतात, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते पत्त्याच्या पट्टीतून काढूनच टाकलं.

‘आमची साइट विश्वासार्ह आहे’ असं सांगणाऱ्या शिक्क्यांबद्दल एक जुनं प्रकरण मी नव्या ऑडिटर मुलांना नेहमी सांगते. ट्रस्टई नावाची अमेरिकन कंपनी वेबसाइट्सना खासगीपणाच्या पालनाचा शिक्का द्यायची आणि दरवर्षी फेरतपासणी करतो असं सांगायची. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये दाखवून दिलं की २००६ ते जानेवारी २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ती वार्षिक तपासणी झालीच नव्हती. कंपनीला दोन लाख डॉलर भरावे लागले. म्हणजे शिक्का अस्सल, दुवा अस्सल, नोंदही अस्सल, आणि तपासणीच नाही. म्हणून शिक्क्यामागची संस्था प्रत्यक्ष काय बघते, हा प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवावा लागतो.

आता मुख्य काम, एफएसएसएआय. foscos.fssai.gov.in या साइटवर FBO Search असा पर्याय आहे. तिथे चौदा अंकी क्रमांक टाकला की परवानाधारकाचं नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. हा पत्ता स्वतः टाइप करा. विक्रेत्याच्या साइटवर ‘व्हेरिफाय करा’ असं बटण असलं तरी त्यावरून जाऊ नका, कारण पडताळणीचं पानही हुबेहूब बनवता येतं.

क्रमांक टाकण्याआधीच नुसत्या वाचनातून थोडं कळतं. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र १५, गुजरात ०७, आणि ०० असेल तर केंद्रीय परवाना. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५२१ ने सुरू होणारा क्रमांक हा महाराष्ट्रात २०२१ साली दिलेला परवाना. आमच्या आजोबांच्या काळापासून घाणा आहे म्हणणाऱ्याचा परवाना २०२४ चा असू शकतो, त्यात गैर काही नाही. जुने घाणे उशिरा परवाने घेतात. पण ‘साताऱ्याच्या आमच्या शेतातून थेट’ असं लिहिलंय आणि क्रमांक दुसऱ्याच राज्याचा आहे, तर थांबून विचारायला हवं.

फसवणुकीत पूर्णपणे बनावट क्रमांक मला क्वचितच दिसतो. बनावट क्रमांक शोधात लगेच उघडा पडतो, हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असतं. नेहमीचा प्रकार म्हणजे क्रमांक खरा, पण दुसऱ्या कुणाचा. किंवा त्याच विक्रेत्याचा, पण दुसऱ्या कामाचा. किंवा दुसऱ्या जागेचा. किंवा मुदत संपलेला. म्हणून ‘व्हॅलिड’ शब्द दिसला की टॅब बंद करू नका. नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार आणि माल या चारही गोष्टी विक्रेत्याच्या दाव्याशी जुळवून बघा.

गेल्या वर्षी माझ्या मावशीसाठी मी अशीच एक साइट तपासली. तीही शेंगदाणा तेलाचीच होती, म्हणून जरा तपशिलात सांगते. साइटवर बैलांच्या घाण्याचा फोटो, ‘आमच्या गावात, आमच्या घाण्यावर’ हे वाक्य, आणि एफएसएसएआयचा क्रमांक. क्रमांक १०७ ने सुरू होत होता. फोस्कॉसवर टाकला तर परवाना चालू होता, पण नाव गुजरातमधल्या एका व्यापारी पेढीचं आणि व्यवसाय घाऊक विक्रीचा. तेल काढण्याचा उल्लेखच नाही. साइटच्या तळाशी जीएसटी क्रमांक होता, त्याचे पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. gst.gov.in वर करदाता शोधून तो टाकला, तर पुणे जिल्ह्यातल्या एका व्यक्तीची नोंदणी निघाली. जीएसटी क्रमांकातले तिसऱ्यापासूनचे दहा अक्षर-अंक म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर P असेल तर ती व्यक्ती, C असेल तर कंपनी. साइटवर मात्र नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिलेलं होतं. पॅनमध्ये P होता.

एवढ्यावरून मी त्यांना लबाड म्हटलं नाही. कुणाकडून तरी माल घेऊन आपल्या नावाने विकणं कायदेशीर आहे. मी फोन केला. माणूस सभ्यपणे बोलला: “ताई, तो नंबर आमच्या सप्लायरचा आहे, आमचा वेगळा आहे.” मी डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो मागितला. वेबसाइटवर नेहमी डब्याची पुढची बाजू असते, पण खरी माहिती मागच्या लेबलवर असते: कुणी तयार केलं, कुणी भरलं, कुणी विकलं, कोणाचा क्रमांक, बॅच, तारीख. फोटो आला. त्यावर ११५ ने सुरू होणारा दुसरा क्रमांक होता. तो फोस्कॉसवर टाकला तर नाव आणि पत्ता या माणसाचाच निघाला, परवाना चालू होता, आणि व्यवसायाचा प्रकार रिपॅकर. म्हणजे मोठ्या डब्यांतून आलेलं तेल हा माणूस लहान बाटल्यांत भरत होता. त्याच्याकडे तेल काढायचा परवाना नव्हताच. ‘आमच्या घाण्यावर’ हे वाक्य तिथे पडलं.

एफएसएसएआयचा परवाना मिळाला म्हणजे तेल चांगलं, असंही समजू नका. परवाना व्यवसाय करायला दिलेला असतो. प्रत्येक बॅच कुणी चाखून-तपासून पास केलेली नसते.

मग सेंद्रियाचा दाखला. हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही जास्तीचे पैसे त्यासाठीच देताय. भारतात यासाठी दोन पद्धती आहेत. एक एनपीओपी, ती अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीसाठीची सरकारी संस्था चालवते आणि तपासणी मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था करते. इंडिया ऑरगॅनिकचं चिन्ह यातलं. दुसरी पीजीएस-इंडिया, केंद्रीय कृषी मंत्रालयाची, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. २०१७ च्या नियमांनंतर या दोन्हींसाठी एफएसएसएआयचं ‘जैविक भारत’ हे हिरवं चिन्ह आलं. शेतकरी आपला माल थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण मग त्याने हे चिन्हही वापरायचं नाही.

इंडिया ऑरगॅनिकच्या चिन्हाशेजारी प्रमाणन संस्थेचं नाव आणि NPOP/NAB/ ने सुरू होणारा तिचा मान्यता क्रमांक असायला हवा. तुमच्या साइटवर तो बहुधा नसेल. मग विक्रेत्याकडे ‘स्कोप सर्टिफिकेट’ मागा, त्याच्या जोडपत्रासकट. जोडपत्र हा शब्द मुद्दाम वापरा. पहिल्या पानावर नाव आणि मोठं चिन्ह असतं, पण कोणता माल, कोणत्या कामासाठी, हे जोडपत्रात असतं. मावशीच्या प्रकरणात पीडीएफ लगेच आली. पहिलं पान अस्सल दिसत होतं. संस्थाही खरी होती. जोडपत्रात माल होता ‘शेंगदाणा’, काम होतं शेती, आणि प्रमाणपत्र एका शेतकरी गटाच्या नावावर होतं. तेल काढणं नाही, भरणं नाही. सेंद्रिय शेंगदाण्याचा दाखला घाण्यापाशी आपोआप पुढे जात नाही. घाण्याचं आणि बाटली भरणाऱ्याचं काम वेगळ्या प्रमाणपत्रात यावं लागतं, कारण त्याच घाण्यात सकाळी सेंद्रिय आणि दुपारी बाजारातला शेंगदाणा पडत असेल, तर दोन्हींच्या मध्ये घाणा धुतला का, माल वेगळा ठेवला का, हे कुणीतरी बघायला हवं. शिवाय त्या प्रमाणपत्राची मुदत सात महिन्यांपूर्वी संपली होती. स्कोप सर्टिफिकेट वर्षाचं असतं.

खात्री करायची तर त्या प्रमाणन संस्थेला ईमेल करा. संस्थेचा पत्ता प्रमाणपत्रावरून घेऊ नका, तिच्या अधिकृत साइटवरून घ्या. मी तेव्हा दोन ओळी लिहिल्या: हा क्रमांक, हे नाव, हा माल, आजच्या तारखेला चालू आहे का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की मुदत संपली आहे आणि शेंगदाणा तेल या प्रमाणपत्रात कधीच नव्हतं. सगळ्या संस्था इतक्या तत्पर नसतात, पण आपल्या नावाचा गैरवापर होतोय म्हटल्यावर बहुतेक जण उत्तर देतात.

आयएसओकडे वळते, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि इथली दिशाभूल मला फार टोचते. जिनिव्हातली आयएसओ ही संघटना मानकं लिहिते. ती कुणालाही प्रमाणपत्र देत नाही, आणि तिचा स्वतःचा लोगो कुणाला जाहिरातीत वापरू देत नाही. म्हणून जाळीदार गोलावर ISO लिहिलेलं तिचं अधिकृत चिन्ह तेलाच्या साइटवर दिसलं, तर ते नियमबाह्यच. प्रमाणपत्र देतात त्या वेगळ्या प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांना मान्यता देणारी भारतातली संस्था म्हणजे एनएबीसीबी. परदेशी मान्यता संस्थाही चालतात, उदाहरणार्थ ब्रिटनची यूकेएएस. चांगल्या प्रमाणपत्रावर दोन चिन्हं असतात, एक प्रमाणन संस्थेचं आणि एक मान्यता देणाऱ्याचं.

खरं ऑडिट कसं होतं ते ऐका, म्हणजे खोटं ओळखू येईल. आयएसओ २२००० या अन्नसुरक्षेच्या मानकासाठी आम्ही दोन टप्प्यांत जातो. आधी कागदपत्रं आणि तयारी, मग कारखान्यात प्रत्यक्ष: शेंगदाणा साठवायची खोली, त्यातला ओलावा, बुरशीचा धोका, कारण बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष येतं, गाळणी, डबे धुण्याची जागा, उंदरांचा बंदोबस्त, परत आलेल्या मालाचं काय केलं. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, पण दरवर्षी पुन्हा भेट. याउलट फोनवर पैसे भरून दोन दिवसांत पीडीएफ पाठवणारेही बाजारात आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावरही मान्यता मंडळाचं चिन्ह असतं, पण ते मंडळ त्यांचंच, भारदस्त नावाचं आणि कुणी न ऐकलेलं. तुमच्याकडे प्रमाणपत्र क्रमांक असेल तर iafcertsearch.org वर शोधा आणि प्रमाणन संस्थेचं नाव एनएबीसीबीच्या यादीत आहे का बघा. पहिल्या ठिकाणी सापडलं नाही म्हणून खोटं ठरवू नका, सगळ्याच संस्थांची सगळी प्रमाणपत्रं तिथे नसतात. पण संस्थेला मान्यताच नसेल, तर मी ते प्रमाणपत्र बाजूला ठेवते.

आणखी एक, हे विक्रेते अनेकदा न कळत करतात: आयएसओचा शिक्का डब्यावर किंवा डब्याच्या फोटोवर छापतात. ते चालत नाही. प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीला आहे, तेलाला नाही. डब्यावर ‘आयएसओ प्रमाणित तेल’ दिसलं, तर एकतर प्रमाणन संस्था लक्ष देत नाही किंवा प्रमाणपत्रच नाही.

‘एफडीए अप्रूव्ह्ड’ हे शब्द आपल्याकडे दुहेरी गोंधळ करतात. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाला सगळे एफडीएच म्हणतात, आणि राज्यातले परवाने तिथले अधिकारीच देतात, म्हणून एखाद्या घाणेवाल्याने भाबडेपणाने तसं लिहिलं असेल. पण शिक्क्यावर निळ्या रंगात अमेरिकन एफडीएचं चिन्ह असेल, तर तो दावा सरळ खोटा आहे. अमेरिकेचं एफडीए खाद्यतेलाच्या ब्रँडला किंवा कारखान्याला ‘मान्यता’ देत नाही. तिथे माल पाठवणाऱ्या कारखान्यांची नोंदणी होते, तिचं प्रमाणपत्र ते देत नाहीत, आणि आपला लोगो खासगी कंपन्यांना वापरू देत नाहीत. इथे शोधायला नोंदच नाही, म्हणून हा शिक्का तपासायचाही नाही. सहापैकी हा एकच मी निव्वळ दिसण्यावरून नापास करते.

सोनेरी बिल्ल्यावर फार वेळ घालवू नका. कोणी दिला, कोणत्या वर्षी, कोणत्या गटात, एवढं तीन ठिकाणी बघा: बिल्ल्यावर, साइटवर आणि पुरस्कार देणाऱ्याच्या विजेत्यांच्या यादीत. दोन्हीकडे लॉरेलच्या पानांची कमान असलेल्या आणि मधल्या मजकुराची जागा मोकळी सोडलेल्या चित्रांचे साचे फुकट मिळतात. पुरस्कार खरा असला तरी काही ठिकाणी प्रवेश शुल्क भरून माल पाठवायचा आणि ठरलेले गुण मिळाले की पदक, अशी पद्धत असते. बेल्जियमची माँड सिलेक्शन १९६१ पासून असंच करते. तिथे मालाची आपसात स्पर्धा नसते. ते उघडपणे सांगून होतं, म्हणून त्यात फसवणूक नाही, पण ‘पहिला क्रमांक’ असा त्याचा अर्थ होत नाही. तसंच ‘एमएसएमई प्रमाणित’ किंवा ‘उद्यम’चा शिक्का. उद्यम नोंदणी विक्रेत्याच्या स्वतःच्या निवेदनावर फुकट होते. ती मालाच्या दर्जाबद्दल बोलत नाही.

या सगळ्यापेक्षा एका कागदाला मी जास्त मान देते: तुम्हाला येणाऱ्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालावर यूएलआर हा त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि नमुना कोणी दिला हे लिहिलेलं असतं. ‘नमुना ग्राहकाने दिलेला’ असेल, तर अहवाल फक्त त्या दिलेल्या बाटलीपुरता आहे हे समजून घ्या. अहवालावरचा बॅच क्रमांक आणि डब्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का बघा. दोन वर्षांपूर्वीच्या एकाच अहवालावर अजून तेल विकणारे बरेच असतात.

आता तुमच्या साइटवर मी काय करेन ते सांगते. पैसे भरण्याआधी त्यांना असा मेसेज पाठवा: “आम्हाला शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा हवा आहे. कृपया सध्याच्या डब्याच्या मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो, सेंद्रियाचं स्कोप सर्टिफिकेट जोडपत्रासह, आणि आयएसओ प्रमाणपत्राचा फोटो पाठवा. तेल कोणत्या गावातल्या घाण्यावर काढलं जातं तेही कळवा.” मेसेज ठरलेल्या भाषेत नको, तुमच्या भाषेत असू दे. चांगला घाणेवाला यावर खूश होतो, बऱ्याचदा घाण्याचा व्हिडिओही पाठवतो. “सगळी सर्टिफिकेट वेबसाइटवर आहेत” असं उत्तर आलं, तर तिथून काही मिळणार नाही असं समजा.

साइटवर कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आहे का तेही बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते द्यावंच लागतं. ते नसेल आणि पैसे फक्त कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागत असतील, तर शिक्के तपासायची गरजच नाही, सोडून द्या.

पडताळणीत कुणाचा तरी खरा क्रमांक चोरून लावलेला निघाला, तर पानाचा स्क्रीनशॉट पत्ता आणि तारखेसकट घ्या, कारण तक्रार झाली की पट्टी एका मिनिटात उतरते. अन्नासंबंधीची तक्रार एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर करता येते, फसव्या जाहिरातीची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. पैसे देऊन माल आलाच नाही, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. ज्याचा क्रमांक चोरला गेलाय त्या परवानाधारकालाही कळवा. मी एकदा तसं कळवलं, तेव्हा त्या घाणेवाल्या बाईंना आपला क्रमांक चार वेगवेगळ्या साइट्सवर फिरतोय हे पहिल्यांदा कळलं.

मावशीने शेवटी त्या साइटवरून तेल घेतलं नाही. त्या माणसाला मी सांगितलं की रिपॅकर म्हणून उघडपणे विका, घाण्याचं वाक्य आणि हिरवं चिन्ह काढा. वाक्य त्याने काढलं. चिन्ह मी महिन्याभराने बघितलं तेव्हा तिथेच होतं, म्हणून त्या प्रमाणन संस्थेला पुन्हा ईमेल केला, आणि मग ते उतरलं.